क्लबाच्या नावातला अर्धा य

काटेवाल्यांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. खडी-वाळूच्या डेपोच्या फाटकाशी ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा असतो, त्याच्या केबिनमध्ये त्यांची एकवीस वर्षं गेली होती. ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो, मग भरून. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. ऐकायला इतकं सोपं, पण रिकाम्या गाडीत तीन माणसं ठाण मांडून बसतात आणि गाडी भरली की तिघांनाही पाय मोकळे करावेसे वाटतात. भरल्या गाडीचं मागचं चाक चार बोटं काट्याबाहेर राहतं आणि ड्रायव्हर आभाळाकडे बघत उभा असतो. अशा जागी माणूस भोळा राहिला तर एक तर मूर्ख, नाही तर सामील.

पण ही नजर ते संध्याकाळी डेपोत ठेवून येत नसत, घरी आणत. त्यांची बायको कपडे दुरुस्त करून द्यायची. सुई दातात धरून ती म्हणायची, "आरशात बघतानासुद्धा तुम्ही विचाराल, हा कोण आणि याचं काम काय?"

सात महिन्यांपूर्वी ते मैदानावरच्या रविवारच्या पळणाऱ्यांत सामील झाले, तेही आधी तीन रविवार कुंपणाबाहेरून बघून. फुकट पळायला बोलावतात म्हणजे पुढे काहीतरी गळ्यात मारणार, असा त्यांचा हिशेब. कोणी काही विकलं नाही, तेव्हा चौथ्या रविवारी ते आत गेले, पण शंका बाहेर ठेवून नव्हे.

त्यांना पळायला छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. केबिनमधली धूळ खाऊन खाऊन त्यांना दमा जडला होता. हे बायको सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. डेपोत एक जण सारखा खोकायचा, त्याला मालकाने "तब्येत सांभाळा" असं गोड बोलून घरी बसवलं होतं. तेव्हापासून काटेवाल्यांनी तोंडाला कुलूप लावलं. पळण्याच्या पंधरा मिनिटं आधी ते मैदानाच्या पाण्याच्या टाकीमागे जात, औषधाचा पंप तोंडात धरून एक फवारा ओढत, दहापर्यंत श्वास रोखत आणि काहीच न झाल्यासारखे परत येत. पंपही तीन चौक पलीकडच्या दुकानातून आणत. एकदाच ते दुकान बंद होतं म्हणून गल्लीतल्या केमिस्टकडे जावं लागलं. "मेहुण्यासाठी हवाय," ते विचारलं नसताना म्हणाले होते. आणि नेमका तो केमिस्टही रविवारी पळायला यायचा.

इतके दिवस या मंडळींना नावच नव्हतं. फोनवरच्या ग्रुपला 'रविवार सकाळी सहा' म्हणत. पण मैदानाच्या कचेरीने नवा नियम काढला. दहापेक्षा जास्त लोक एकत्र पळत असतील तर नाव नोंदवा, फॉर्म शुक्रवारपर्यंत द्या. हे चौदा जण होते. ग्रुप सुरू करणारा पोस्टमन, सगळ्यांत जोरात पळणारा गडी. पळून झाल्यावर त्याने सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं आणि खिशातून कागद काढला. वादळ. चित्ते. तुफान मेल.

"हे वाचून माझी शेजारीण येईल का?" बालवाडीच्या बाईंनी विचारलं. "तिला वाटेल, इथे घड्याळ घेऊन उभे राहतात."

"मग कासव मंडळी ठेवा," केमिस्ट म्हणाला.

"ते आपण आपल्याला म्हटलं तर गंमत. जो खरंच मागे पडतो, त्याला टोमणा."

बाईंना या कामात गती होती. बालवाडीच्या वर्गांना त्याच नावं देत, आणि हुशार मुलांचा वर्ग व मठ्ठ मुलांचा वर्ग असं कोणाला वाटू नये, ही त्यातली सगळी कसरत. त्यांनी सांगितलं, नाव असं हवं की नव्या माणसाला दोन गोष्टी न विचारता कळाव्यात. एक, इथे कोणी मला हसणार नाही. दोन, हे किती जोरात पळतात. नुसतं 'मैत्री' म्हटलं तर पळतात की पत्ते खेळतात ते कळत नाही, आणि नुसता वेग म्हटला तर लोक घाबरतात. शिवाय मैदानाच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाला ऐकू यायला हवं, दुसऱ्या ग्रुपचं नसावं आणि बनियनच्या छातीवर एका ओळीत बसावं.

मग त्याच म्हणाल्या, "दमाने. दमाने घ्या म्हणतो ना आपण? दम म्हणजे श्वासही आला आणि सबुरीही आली."

सगळ्यांना ते एकदम पटलं. पोस्टमनने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. काटेवाल्यांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. चौदा माणसं, मराठीत हजारो शब्द, आणि बाईंना नेमका दमच सुचावा? त्यांनी हळूच केमिस्टकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. नाडी आधीच बांधलेली होती, असं काटेवाल्यांना वाटलं.

सोमवारी दुपारी केबिनमध्ये फोन वाजला. ग्रुपवर केमिस्टचा निरोप होता: 'दम्याने या नावाला माझी पसंती.'

काटेवाल्यांनी तो तीनदा वाचला. दमाने नव्हे, दम्याने. मधे एक अर्धा य. समोर काट्यावर ट्रक उभा होता. त्याचं मागचं चाक बाहेर आहे हे त्यांना ड्रायव्हर निघून गेल्यावर लक्षात आलं. एकवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी बायकोला निरोप दाखवला.

"फोन आपल्या मनाने शब्द बदलतो हो," ती म्हणाली. "माझ्या फोनने परवा गिऱ्हाइकाला 'तुमचा पाय कापून ठेवलाय' असं पाठवलं. पायजमा म्हणायचं होतं."

"फोनला माझाच आजार कसा सापडला?"

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

मंगळवारी ते केमिस्टच्या दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांची बरणी न्याहाळत उभे राहिले. मग खडा टाकून पाहिला. "नाव चांगलं शोधलंत तुम्ही."

"मी कुठे? बाईंनी शोधलं."

"त्यांना कोणीतरी सुचवलं असेल."

केमिस्टने हातातली पट्टी खाली ठेवली. "काका, सरळ विचारा. मेहुण्याबद्दल विचारताय ना?"

काटेवाल्यांनी नजर पुन्हा गोळ्यांच्या बरणीकडे वळवली.

"आपल्या चौदा जणांपैकी नऊ जण माझ्याकडून औषधं नेतात. कोण काय नेतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलंय का?"

"नाही."

"मग तुमचं त्यांना कशाला सांगेन? तो निरोप फोनने बिघडवला, मी घाईत पाठवला. पुसायला गेलो तर आणखी लक्ष जाईल, म्हणून तसाच राहू दिला."

उत्तर अगदी चोख होतं. चोख उत्तरांची काटेवाल्यांना सवय होती, सगळ्यात चोख तर चाक बाहेर ठेवणारेच देतात. म्हणून बुधवारी ते अर्धी रजा टाकून बालवाडीच्या सुटण्याच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहिले. आत अरुंद जिना होता आणि वीस-बावीस पोरं ढकलाढकली करत उतरत होती. खालच्या पायरीवर हात आडवा धरून बाई एका सुरात म्हणत होत्या, "दमाने. दमाने रे. मागच्याला येऊ दे." भिंतीवर त्याच शब्दाचा पिवळा कागद चिकटवला होता. चारही कोपरे मुडपलेले, उन्हाने रंग उडालेला. कालपरवाचा तो नक्कीच नव्हता.

"काका, तुम्ही इथे?" बाईंनी विचारलं.

"इकडूनच जात होतो," ते म्हणाले. त्यांचा डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. बाईंनी पुढे विचारलं नाही.

घरी येताना त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण उलट लाज वाटत होती. शिवाय अर्धा य डोक्यातून जाईना. आज कोणी मुद्दाम केलं नसेल, उद्या कोणी करेल. मैदानावर लागणाऱ्या नावाच्या फलकावर खडूने एक रेघ ओढली की झालं.

गुरुवारी संध्याकाळी सगळे फॉर्म भरायला पायऱ्यांवर जमले. पोस्टमनने पेन उघडलं.

"थांबा," काटेवाले म्हणाले. सात महिन्यांत ते इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "या नावात अर्धा य घातला की दम्याने होतं. कोणीही घालेल. फोनने घातलाच आहे."

"घातला तर घातला," पोस्टमन हसत म्हणाला. "आपल्यात कोणाला दमा आहे, की त्याला लागेल?"

केमिस्ट मैदानाकडे बघत होता. काटेवाल्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने तोंड उघडायची ही वेळ होती, पण त्याने उघडलं नाही.

"मला आहे," काटेवाले म्हणाले.

मग बाईंनी विचारलं, "मग तुम्ही पळता कसे? किती जोरात चालतं, हे कसं कळतं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मधे तुटलं की वेग कमी करायचा. मी मनातल्या मनात ट्रकचे नंबर म्हणतो."

"अहो, ते सगळ्यांनाच लागू आहे," पोस्टमन म्हणाला. "रोजचं पळणं तसंच हवं. सोबतच्याशी बोलता येईल इतकंच. शर्यतीचं वेगळं."

"मग तू पळून दाखव," बाई म्हणाल्या. "नेहमीसारखा. आणि तुझ्या टपालाच्या गल्ल्यांची नावं सांग."

पोस्टमन निघाला. पहिल्या वळणापर्यंत गल्ल्या छान ऐकू आल्या. दुसऱ्या वळणावर नुसतं "बाजार…" आलं आणि पुढचं छातीतच राहिलं. लोक पोट धरून हसले. त्याच्यामागे काटेवाले निघाले, आपल्या चालीने. फेरी पूर्ण करून आले तेव्हा ते सतरावा ट्रक सांगत होते, वजनासकट.

"बोलत पळू," बाई एकदम म्हणाल्या. "वेगही आला, सोबतही आली."

पोस्टमनने दम खात मैदानाच्या टोकाला जाऊन हाक मारली. ऐकू आली. केमिस्टने फोनवर लिहून पाहिलं आणि पुढे धरला. फोनने काही बदललं नव्हतं. काटेवाल्यांनी तो हातात घेऊन स्वतः तपासलं, मागून पुढून वाचलं, वाईट अर्थ निघतो का ते पाहिलं. मग म्हणाले, "लिहा."

शुक्रवारी कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, ही वक्तृत्वाची संस्था आहे का? पण शिक्का मारला. महिन्याभरात बाईंची शेजारीण आली, आणखी पाच जण आले. डेपोच्या मालकाच्या कानावर दम्याची गोष्ट गेलीच. काटेवाल्यांनी ती स्वतःच घातली, दुसऱ्याकडून जाण्याआधी. मालकाने केबिनला काचेचं दार बसवून दिलं. यामागे त्याचा काय डाव आहे, हे काटेवाले अजून शोधताहेत.

क्लबाने त्यांना सगळ्यांच्या शेवटी पळायचं काम दिलं. जो मागे पडेल त्याच्याशी बोलत राहायचं आणि वाक्य तुटलं तर त्याला चालायला लावायचं.

"मला मुद्दाम मागे ठेवताय," ते बाईंना म्हणाले.

"मुद्दामच," बाई म्हणाल्या. "कोणाचं वाक्य कुठे तुटतं, ते तुमच्याइतकं बारकाईने कोण ऐकेल?"

काटेवाल्यांनी आठवडाभर विचार केला आणि त्यात काही काळंबेरं सापडलं नाही, म्हणून होकार दिला. पंपही आता ते गल्लीतूनच घेतात. त्यावरची तारीख मात्र दोनदा वाचतात, आणि केमिस्ट ती वाचून होईपर्यंत शांतपणे उभा राहतो.