बोगनाचा डावा खांदा

माझ्या बायकोला, बोगनाला, बँकेच्या मुख्य कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मला आनंदच झाला. पुढे जे माझं पित्त खवळलं ते बँकेमुळे नाही, त्या लुडविक शिंप्यामुळे.

बोगना सतरा वर्षं मोज्यांच्या कारखान्यात हिशेब बघत होती. कारखाना बंद पडला. त्यानंतर वर्षभर घरी. तिच्या वयाच्या बाईला दारात उभं कोण करतंय? आणि आता थेट बँकेचा कर्ज विभाग! तिथल्या बायका कशा असतात ते पोलंडमधल्या आमच्या वूच शहरात ट्राम चालवणाऱ्या मला विचारा, रोज सकाळी त्या माझ्याच गाडीतून जातात. गडद निळा कोट, गुडघ्याखाली स्कर्ट, अंगाच्या रंगाचे पातळ मोजे, बंद बूट. चमकणारं काही नाही. आमच्या कपाटात होता एक फुलाफुलांचा झगा आणि माझ्या आईच्या मयताला घेतलेला काळा स्वेटर.

"नव्या दुकानातला सूट घ्यायचा तर महिनाभर बटाटे खावे लागतील," मी म्हणालो.

"मग किलोवर घेऊ," बोगना म्हणाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचं दुकान आहे. सोमवारी नवा माल, भाव चढा. मग रोज किलोमागे भाव उतरत जातो. बोगनानं सोमवारीच सूट हेरला. अस्सल लोकर, गडद निळा, कोट आणि स्कर्ट एकाच कापडाचे. हे महत्त्वाचं, कारण वेगवेगळे दोन निळे दुकानातल्या दिव्याखाली जुळतात आणि बाहेर उन्हात भांडतात. तिनं कोट खांद्यावर टाकून पाहिला, खांदे बसले. बाकी सगळं ढगळ होतं. पण कंबर आत घेता येते, बाही तोकडी करता येते, खांदे करायचे तर अख्खा कोट उसवावा लागतो. मग या बाईनं काय करावं? सूट उचलून पुरुषांच्या जाड ओव्हरकोटांच्या मागे दडवला आणि गुरुवारपर्यंत गप्प बसली. गुरुवारी तो तिथेच होता. तीन दिवस माझी बायको दुकानावरून जाताना आत डोकावून बघत होती, मला मात्र हसू येत होतं.

हसू गेलं ते ती म्हणाली तेव्हा, "आता लुडविककडे नेते."

"लुडविकच कशाला? शहरात शिंपी मेले का?"

"बाकीचे दोन आठवडे लावतील. मुलाखत मंगळवारी आहे."

लुडविकनं माझ्याआधी बोगनाला मागणी घातली होती. ती नाही म्हणाली, त्यानं पुढे लग्नच केलं नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि सगळी गल्ली मला बघून हसते असं मला वाटतं. म्हणून शुक्रवारी मीही सोबत गेलो. दुकानात एका स्टुलावर बसलो आणि डोळ्यात तेल घालून पाहत राहिलो.

लुडविक तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होता. कमरेपाशी चिमटीत कापड धरलं, टाचणी लावली. माझ्या अंगाचा तिळपापड! मग मागे सरकून त्यानं डोळे बारीक केले.

"डावा खांदा उतरलाय," तो म्हणाला. "त्या बाजूला आत एक पातळ गादी घालतो. म्हणजे कोट सरळ पडेल."

"कुठे उतरलाय?" मी उठलोच. "माझ्या बायकोचे खांदे मला माहीत नाहीत?"

"आहे रे उतरलेला," बोगना म्हणाली. "बस खाली."

एकोणीस वर्षं ही बाई माझ्या शेजारी झोपते आणि हिचा खांदा दिसतो कोणाला, तर लुडविकला! रस्ताभर मी तिच्या दोन पावलं पुढे चालत राहिलो.

सोमवारी तिनं पुन्हा जाऊन कोट अंगावर घालून दाखवायचा होता. मी म्हटलं, तू आराम कर, मी आणतो. लुडविकनं कोट देताना खळखळ केली. "गादी नुसती पांढऱ्या दोऱ्यानं टाचलीय. तिच्या अंगावर बघितल्याशिवाय पक्की करता येणार नाही. तिला पाठव."

"तिला वेळ नाही," मी म्हणालो, आणि कोट हातातून जवळजवळ ओढलाच.

घरी तिला सांगितलं, "झालाय म्हणाला." खांद्यावर पांढरे टाके दिसत होते. त्यात काय मोठं? मी कात्रीनं ते सटासट ओढून काढले आणि स्वतःवर खूश झालो.

मंगळवारी सकाळी कोट झकास दिसला. बोगनानं पिशवी डाव्या खांद्याला अडकवली. पिशवीत चांगले बूट होते, ते बँकेच्या दारात घालायचे, पायात जुनेच. आम्ही ट्राममध्ये बसलो. दोन थांबे गेले आणि तिला काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. गादी सरकून दंडात उतरली होती. बाहीत लिंबू ठेवल्यासारखा उंचवटा.

"लुडविक नक्की काय म्हणाला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि पुढच्या थांब्यावर उतरली. मी मागे धावलो.

लुडविक दुकान उघडतच होता. त्यानं एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काढायला वेळ नाही. अंगावरच शिवतो," तो म्हणाला, आणि दोऱ्याचा एक तुकडा तोडून बोगनाच्या हातात दिला. तिनं तो दातात धरला. अंगावर शिवताना आमच्याकडे सगळेच धरतात, नाहीतर कापडाबरोबर माणसाची आठवणही शिवली जाते म्हणे. म्हणजे आता तिला बोलता येईना. उरलो आम्ही दोघं.

"तुला बरा दिसला खांदा," मी कुजकटपणे म्हणालो. राहवलं नाही.

"दिसणारच." त्यानं सुई घातली. "हिच्या लग्नाच्या झग्याची मापं मीच घेतली होती, दुकान चालवणाऱ्या माझ्या वडिलांना नीट दिसत नव्हतं म्हणून. तेव्हा दोन्ही खांदे अगदी सारखे होते."

"मग आता काय झालं?"

"मला काय विचारतोस, झेनोन? समोरच्या रस्त्यानं रोज जाते ती. भाजी, कोळसा, तुझी आई होती तोवर तिचं सामान. सगळं याच खांद्यावर. तुझ्या ट्रामच्या पाळ्या, तुला कुठून दिसणार?"

बोगना दोरा दातात धरून समोर आरशात बघत होती. लुडविकनं दोरा तोडला. आरशात तिचे दोन्ही खांदे एका रेषेत आले आणि मला एकदम लग्नाच्या दिवशीची, चर्चच्या पायऱ्यांवरची बोगना दिसली. मी ती विसरलो होतो. या माणसाला ती आठवत होती. मला त्याचा हेवा वाटला.

"पिशवी खांद्याला लावू नकोस," तो तिला म्हणाला. "कोट ओढला जाईल."

पिशवी मी घेतली. बँकेच्या दारात तिनं बूट बदलले, जुने पिशवीत टाकले आणि सरळ आत गेली. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. त्या दिवशी पाळीला दांडी मारली.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. चेहऱ्यावरूनच कळलं. "एक तारखेपासून ये म्हणाले," ती म्हणाली, आणि हसून सवयीनं पिशवीकडे हात केला.

"राहू दे, मी घेतो," मी म्हणालो.

"दे इकडे," बोगना म्हणाली. "तुला सवय नाही."