सदाची मोटर का थांबायची

सदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीला लेकीकडं होतो आणि व्याह्यांना माझ्या बोअरची थोरवी सांगत होतो. आमच्या माण तालुक्यात माणसाला घाम यायलाही टँकर लागतो, पण माझ्या बोअरचं पाणी एवढं जोरात की पाइपाला बांधलेली शेळी बांधापलीकडं सदाच्या डाळिंबात जाऊन पडली... इथवर आलो आणि फोन वाजला. शेळी तशीच हवेत राहिली.

सदाची नि माझी बोअर शेजारी-शेजारी, मधे फक्त बांध. त्याची अधूनमधून बंद असायची, माझी मात्र धो धो. मी त्याला डिवचायचो, "सदा, तुजी मोटर हाय का सरकारी नोकर? घटकाभर काम, मग इसावा." तो तंबाखू मळत म्हणायचा, "तापती रं. तू लाव तुजी."

त्याची लेक वैशाली इंजिनिअर झाली, पुण्याला कारखान्यांचे कंट्रोल पॅनेल बनवायला लागली. आण्णांनी, म्हणजे सदानं, मोटरीमागं पळू नये म्हणून तिनं बोअरला लेव्हल कंट्रोलर बसवला. वायरींना बांधून स्टीलच्या तीन कांड्या आत सोडल्या. एक सगळ्यांत खाली, दुसरी मोटरीच्या थोडी वर, तिसरी बरीच वर. पाण्यातून कांडीकांडीत नावापुरती वीज खेळते. पाणी मधल्या कांडीखाली गेलं की तो धागा तुटतो, रिले सुटतो, स्टार्टर पडतो, मोटर बंद. पाणी चढून वरच्या कांडीला लागेपर्यंत मोटर पुन्हा उठत नाही, म्हणजे सारखी चालू-बंद होऊन जळत नाही. मी गावभर सांगितलं की पोरीनं बोअरला डोळे बसवले आणि ते रात्री मिटतात.

त्याच हंगामात माझी बोअर आटली. पाइपातून पाण्याऐवजी खोकला यायचा. मी दोष नशिबाला दिला. सदा बांधावर येऊन माझा पाइप बघून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पॅनेलचं बटण ऑटोवरून हातावर केलं, आणि माझी बोअर पुन्हा गरजायला लागली. मी पुन्हा शेळ्या उडवायला मोकळा.

पण बटण हातावर असलं की कांड्यांना कोण विचारतो? एकदा सदा मोटर लावून दहिवडीला औषधाला गेला, तिथं खोळंबला. पाणी संपलं, मोटर कोरडी फिरली नि जळली. वैशाली आली ती तापूनच. "आण्णा, माझ्या कामावर तुमचा इश्वास न्हाई, एवढंच सांगा ना!" सदा खाली बघत म्हणाला, "मोटरीला इसावा लागतो, बाळ." ती त्या दिवशी चहा न घेता गेली. फोन यायचे, पण आईला. पुढं बापलेकीचं नीट बोलणं झालंच नाही...

तेराव्यानंतर बाग वाळू नये म्हणून तिनं नवी मोटर पुन्हा ऑटोवर टाकली. माझ्या पाइपाला पुन्हा खोकला. मी तक्रार घेऊन गेलो, तर तिनं माझ्या बोअरमध्ये दोरीला वजन बांधून सोडलं. दोरी ओली झाली त्या जागी गाठ मारली. मग आपली मोटर चालू केली आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजलं. माझं पाणी गाठीच्या पार खाली गेलेलं. आमच्या दोन्ही बोअर खडकातल्या एकाच चिरेचं पाणी पीत होत्या. जरा कुठं पाणी चढलं की तिची मोटर आपोआप उठायची नि माझ्या वाटणीचंही ओढून न्यायची. मोटर तापत नव्हती. सदा थांबत होता.

"काका, तुमाला ठावं हुतं?"

"न्हाई गं." आयुष्यात इतकं छोटं वाक्य मी कधी बोललो नसेन.

"मला तरी सांगायचं हुतं त्यांनी..."

तिला सांगितलं असतं तर ते माझ्यापर्यंत आलं असतं, आणि माझी बोअर माझी राहिली नसती, सदाच्या दयेची झाली असती. माझी फुशारकी राखायला त्यानं लेकीचा राग पत्करला. एवढी महाग फुशारकी सातारा जिल्ह्यात कुणी मारली नसेल, आणि ही मात्र थाप नव्हे.

तिनं बांधाखालून केबल ओढली. पाणी वरच्या कांडीला लागलं तरी तिची मोटर अर्धा तास थांबेल, असा टायमर लावला. शिवाय माझ्या स्टार्टरचा एक पॉइंट तिच्या स्टार्टरच्या कॉइलला असा जोडला, की माझी मोटर फिरतेय तोवर तिची उठूच नये. मला म्हणाली, आता तुमची लावा.

लावली. पाणी पडू लागलं. अर्धा तास उलटला, तिच्या पॅनेलवर वेळ झाल्याचा हिरवा दिवा लागला, पण मोटर उठली नाही. ती पॅनेलच्या दारावर हात टेकून उभी होती. तिची उठावी म्हणून मी माझी बंद करायला उठलो.

"ऱ्हाऊ द्या, काका," ती म्हणाली. "थांबू द्या तिला आजून थोडं."