पाचव्या प्रकरणातली मर्यादा

एम.एड.च्या प्रबंधाची पहिली चार प्रकरणं मी माझ्या हिमतीवर लिहिली, असं मी अजूनही ठणकावून सांगते. पाचव्याचा विषय निघाला की मात्र जरा गप्प बसते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी ओतूरला राहायची आणि तालुक्यातल्या एका डी.एड. विद्यालयात शिकवायची. पुढे प्राथमिक शाळेत गुरुजी-बाई होणाऱ्या मुलामुलींना वर्गात कसं शिकवायचं, ते शिकवणं हे माझं काम. नोकरीत कायम व्हायचं तर एम.एड. हवं होतं, आणि त्या मे महिन्यापर्यंत प्रबंध दिला नाही तर आणखी एक वर्ष टांगून राहावं लागणार होतं.

माझा विषय साधा होता. आमची मुलं आजूबाजूच्या शाळांत सराव पाठ घ्यायची. पाठ झाला की आम्ही त्यांना दोन शब्द तोंडी सांगायचो आणि बस पकडायचो. त्याऐवजी नीट लिहून, मुद्देसूद अभिप्राय दिला तर पुढचा पाठ सुधारतो का, हे मला पाहायचं होतं. जुन्नर आणि आंबेगावातल्या काही शाळा निवडल्या. प्रत्येक प्रशिक्षणार्थीनं गणिताचा एक पाठ घ्यायचा, मी त्याला लेखी अभिप्राय द्यायचा, आणि आठ दिवसांनी त्याच वर्गाला त्याच घटकाचा पुढचा भाग त्यानं शिकवायचा. दोन्ही वेळा मी मागच्या बाकावर बसून एकच निरीक्षण सूची भरायची. त्या वर्षी बोरी बुद्रुकपासून निरगुडसरपर्यंत इतकी वणवण केली, की कंडक्टर तिकीट फाडून मगच माझ्याकडे बघायचे.

पाठ सुधारले होते. त्यातही 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद' या मुद्द्यात सुधारणा अशी घसघशीत, की मी स्वतःवरच खूश होते.

राहिलं होतं पाचवं प्रकरण. सारांश, निष्कर्ष, मर्यादा, शिफारशी. ते लिहायची आमच्याकडे एक ठरलेली रीत होती. पुण्याला ग्रंथालयात जायचं, काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे जुने प्रबंध काढायचे आणि शेवटची पंधरा पानं उतरवून घ्यायची. सगळ्यांच्या मर्यादा त्याच: वेळ अपुरा होता, साधनं अपुरी होती. शिफारशीही त्याच: शासनानं हे करावं, पालकांनी ते करावं, समाजानं आणखी काही करावं. मीही चांगल्या अठरा शिफारशी जमवल्या आणि ऐटीत मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवल्या.

मॅडम पुण्याच्या, मितभाषी. त्यांनी सगळं वाचलं आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "प्रत्येक शिफारशीसमोर ती तुमच्या कितव्या निष्कर्षातून आली, तो आकडा घाला," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या एसटीत, नारायणगाव येईपर्यंत आकडे घातले. अठरांपैकी चौदांपुढे घालायला आकडाच नव्हता. त्यात 'प्रत्येक वर्गात संगणक असावा' अशीही एक शिफारस होती. मी गेलेल्या शाळांपैकी एकीत विजेचा दिवासुद्धा नव्हता. माझं मलाच हसू आलं आणि लाजही वाटली.

मर्यादांवर मॅडम त्याहून कडक. "दोनच तालुके घेतले, गणितच घेतलं, हे कुंपण तुम्ही आपणहून घातलंय. ते पहिल्या प्रकरणात येऊन गेलं. मर्यादा म्हणजे जे तुमच्या हातात नव्हतं, किंवा लक्षातच आलं नाही, आणि ज्यानं निष्कर्ष डळमळतो. अशी एक तरी असणार. शोधा." मला भयंकर राग आला. मर्यादा ही काय मेथीची जुडी आहे, बाजारात जाऊन शोधून आणायला?

ती मला सापडली, तीही न शोधता. ऋणनिर्देशासाठी शाळांची पूर्ण नावं नीट लिहून घ्यायची होती, म्हणून मी आंबेगावातल्या एका शाळेत गेले. तिथल्या पाचवीचे गुरुजी निवृत्तीला आले होते. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, आवाज मोठा. मी गेले की वर्गातली एकुलती एक खुर्ची मला द्यायचे आणि स्वतः उभे राहायचे. चहा मागवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, दुसऱ्या पाठाला आमची पोरं कशी बोलली?"

"फार छान बोलली, गुरुजी."

"बोलनारच की. आदल्या दिशी मी समदा पाठ करून घेतला व्हता." गुरुजी खुशीत होते. "पयल्या टायमाला तुमच्या पोरीचे लई हाल झाले. पोरांना काय कळंना, ती रडकुंडीला आली. म्हनलं, बाई परत येनार, पोरीचे मार्क जायला नकोत. आन् पावण्यांसमोर शाळेचीबी लाज राह्यली पायजे ना?"

राग धरावा तरी कुणावर? शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी मुलांची तयारी करून घेणं, ही आमच्या भागातली जुनी चाल. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हा हेच केलं होतं. ज्या बाईनं हे केलंय, तिला मागच्या बाकावर बसून ते दिसू नये? माझ्या सूचीत मुलांचे हात वर गेलेले मी मोजत होते आणि श्रेय माझ्या लेखी अभिप्रायाला देत होते.

निघताना गुरुजींनी विचारलं, "आमच्या शाळेचं नाव छापून येनार ना?"

"येणार. तुम्हाला एक प्रत आणून देईन," मी म्हणाले.

दोन दिवस मनात तेच घोळत होतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? मे जवळ आला होता. शिवाय लिहायचं म्हणजे त्या माणसाचं प्रेमच चूक म्हणून छापायचं. शेवटी मन घट्ट करून बाकीच्या शाळांत विचारून आले. आणखी दोघातिघांनी तेच केलं होतं, तितक्याच आनंदानं.

मॅडमना सांगताना मला वाटत होतं, प्रबंध गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सगळा पडत नाही. कुठवर पडतो, ते लिहा. मर्यादा म्हणजे तेच." मग आम्ही एकेक निष्कर्ष तपासला. मुलांच्या प्रतिसादाचा निष्कर्ष ठामपणे सांगता येणार नव्हता. पण प्रश्नांची मांडणी, वेळेचं नियोजन, फळ्याचा वापर हे प्रशिक्षणार्थीचं स्वतःचं काम. ते निष्कर्ष शाबूत राहिले.

मला उत्साह आला. म्हटलं, "मग एक शिफारस घालते. पाठानंतरच्या चर्चेत वर्गशिक्षकाला बसवावं. मुलं कुठे अडली ते गुरुजींना माहीत होतं."

"तुम्ही वर्गशिक्षकांना तसं काही विचारलं होतं? त्याची नोंद आहे?"

"नाही."

"मग शिफारस करता येणार नाही. जे तपासलं नाही त्यावरून कुणाला सल्ला कसा देणार? पुढच्या संशोधनासाठी विषय म्हणून लिहा."

हे मात्र मला लागलं. एवढं खरं काहीतरी हाती आलं होतं आणि ते एका ओळीत, सगळ्यात शेवटी, दुसऱ्या कुणी तरी करायचं काम म्हणून लिहायचं होतं. पण मॅडमचं बरोबर होतं. तसंच लिहिलं. पाचवं प्रकरण पंधराऐवजी सात पानांचं झालं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या मर्यादेवरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले आणि शेवटी मान डोलावली. मी पास झाले.

प्रत घेऊन गुरुजींकडे गेले तेव्हा ते निवृत्त झाले होते. अंगणात कांदा निवडत बसले होते. हात धुऊन, टोपी नीट करून त्यांनी प्रबंध मांडीवर घेतला. ऋणनिर्देशात शाळेचं नाव तीनदा वाचलं, घरच्यांना बोलावून दाखवलं. तेवढ्यावर मिटवला असता तर मी सुटले असते. पण मीच पाचव्या प्रकरणातलं मर्यादांचं पान काढून दिलं. कधी ना कधी त्यांनी ते वाचलंच असतं, आणि तेव्हा मी समोर नसते.

'काही शाळांत वर्गशिक्षकांनी दुसऱ्या पाठापूर्वी घटकाची तयारी करून घेतली असल्याचे नंतर समजले...' गुरुजींनी बोट ठेवून वाचलं.

"ह्यो मीच ना?"

"तुम्ही, आणि आणखी दोघंतिघं. नाव कुणाचंच नाही."

"म्हंजी माझ्यामुळं तुमचं काम बिघडलं."

"नाही गुरुजी. माझं विचारायचं राहिलं."

ते पुढे वाचत गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. 'पाठादरम्यान विद्यार्थी कोठे अडतात याविषयी वर्गशिक्षकांना असलेल्या माहितीचा अभ्यास करावा.' ते त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सदतीस वर्सं शिकवलं, बाई. साहेब आले, तुमच्यासारखी कालेजातली मानसं आली. पोरांना कुठं अडतं, हे मला कुनी इचारलं न्हाई."

"मी आता विचारते. त्या पहिल्या पाठात कुठे अडलं होतं?"

त्यांना आठवायलाही लागलं नाही. "पाव शिकवत व्हती. फळ्यावर मोठा गोल काढला, त्याचे चार भाग केले. पर हातानं काढलेलं. एक भाग मोठा, एक बारका. पोरं एकमेकांत म्हनाया लागली, ह्यो एवढा मोठा, ह्यो पाव कसा? तिच्या काय ध्यानात आलं न्हाई. तिथंच गाडं अडलं. मी दुसऱ्या दिशी भाकरी आनली आन् सारख्या चार चतकोर करून दाखवली."

घरी आले आणि जुना गठ्ठा सोडून त्या पाठाची सूची काढली. 'फळ्यावरील आकृती' यापुढे माझ्याच अक्षरात होतं: 'मोठी, सुबक, सर्वांना दिसेल अशी.' पाचपैकी पाच. शाबूत राहिला म्हणून मी आणि मॅडम ज्यावर निर्धास्त होतो, तो हाच फळ्याचा निष्कर्ष.

बांधलेला प्रबंध बदलता येत नाही. माझ्या प्रतीत, मर्यादांच्या पानाच्या समासात, मी पेन्सिलनं तो गोल काढून ठेवला आहे, त्यांनी सांगितला तसा, चार भाग लहानमोठे असलेला. पुढे नोकरी होती तोवर सराव पाठ पाहायला गेले की मागच्या बाकावर वर्गाच्या गुरुजींना शेजारी बसवून घ्यायची. पाठ संपला की आधी त्यांना विचारायची. त्या गुरुजींना हे सांगायला एकदा जायचं होतं. जाईन जाईन म्हणत राहिले, आणि ते गेल्याचं मला एसटी स्टँडवर कुणाकडून तरी कळलं.