अनंताच्या कुंडीत दालचिनी

माझ्या हाताला झाड येत नाही, हे आमच्या वन्संनी माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी जाहीर केलं आणि पुढची तीस वर्षं त्या ते जाहीर करत राहिल्या. बारशाला, पूजेला, एकदा तर भोरच्या स्टँडवर, एसटीची वाट बघणाऱ्या साताठ अनोळखी बायांसमोर. "हिच्या हातात निवडुंग द्या, त्यो बी सुकून जाईल," असं म्हणून त्या इतक्या मनापासून हसायच्या की मलाही हसावं लागायचं. पण लागायचं ते लागायचंच.

म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे निघताना त्यांनी मार्गासनीहून आपली अनंताची कुंडी टेम्पोत घालून भोरला आमच्याकडे पाठवली, तेव्हा मी अक्षरशः बावचळून गेले. कुंडी म्हणजे भिंतीच्या रंगाची रिकामी निळी बादली, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं. झाड मात्र देखणं. कमरेएवढं, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं. फोनवर त्या म्हणाल्या, "दुसरं कुनी न्हाई म्हून तुज्याकडं ठिवलं बरं का. दोन म्हैन्यांत येते." हा हुकूम होता, टोमणा होता आणि थोडासा विश्वासही होता. मी त्यातला विश्वास तेवढा उचलला. दोन महिन्यांनी ही बादली फुलांनी भरून वन्संच्या पुढ्यात ठेवायची आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी चांगला शब्द काढायचा, असं ठरवून टाकलं.

मी रोज पाणी घालायला लागले. सकाळी एकदा आणि माया म्हणून संध्याकाळी एकदा.

तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि "निरीक्षण करू," म्हणाले. मी मोबाईल उघडला. त्यात एक बाई इतक्या हिरव्यागार बाल्कनीत उभी राहून एप्सम सॉल्टबद्दल सांगत होती की मला तिच्या बाल्कनीतच राहायला जावंसं वाटलं. मेडिकलमधून पुडा आणला. दुकानदार म्हणाला, "पाय शेकायचेत का?" मी म्हटलं, "नाही, अनंताला." त्याने सुटे पैसे दोनदा मोजून दिले. एक चमचा घातला. चार दिवसांत फरक नाही म्हणून दोन घातले. मग मुठीने.

पानं आणखी पिवळी. आता यांच्यातला शिक्षक जागा झाला. "मुळांना ऑक्सिजन हवाय," असं म्हणत त्यांनी जखम धुवायची हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली आणि मोजमाप वगैरे न करता मातीत निम्मी ओतली. फस्स करून फेस वर आला. हे टाळ्या वाजवायला लागले. "बघ, बघ! ऑक्सिजन!" वर्गात तीस वर्षं करायला न मिळालेला प्रयोग बाल्कनीत होत होता. मीही टाळ्या वाजवल्या. पन्नाशी उलटलेली दोन माणसं एका बादलीभोवती नाचत होती. फेस बसला, तसे आम्हीही बसलो. झाड होतं तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी त्याने आणखी मान टाकली.

मग मातीवर पांढरी बुरशी दिसली. खालच्या मजल्यावरच्या भाभी बघायला आल्या. आमची आणि त्यांची वीस वर्षांची ये-जा. त्यांच्या बिर्याणीचा डबा आमच्याकडे येतो, आमच्या पुरणपोळ्यांचा त्यांच्याकडे जातो. भाभी म्हणाल्या, "वहिनी, दालचिनी टाका. माझी बहीण टाकते." त्यांनी मसाल्याच्या डब्यातून कुटलेली दालचिनी आणली आणि हलव्यावर खोबरं पसरावं तशी पसरली. घरभर इतका सुंदर वास सुटला की हे आतल्या खोलीतून विचारत आले, "आज काय बेत?"

बेत काही नव्हता. आठवड्यात निम्मी पानं गळली. वन्संचा फोन आला, "तीन आठवड्यांनी येते. कळ्या धरल्या का गं?" मी म्हटलं, "होय तर." फोन ठेवला आणि मला रडूच आलं. झाडासाठी थोडं, स्वतःसाठी जास्त.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाभी बादली घेऊन एसटीत बसलो. कापूरहोळला हायवेच्या कडेला एका मावशींची नर्सरी आहे, तिथे दाखवायचं होतं. बादली आमच्या दोघींच्या मांडीवर, दालचिनीचा घमघमाट गाडीभर. कंडक्टरने बादलीकडे पाहून विचारलं, "हिचं हाफ काढू का?" भाभींना जे हसू फुटलं ते कापूरहोळ आलं तरी थांबेना. त्या हसल्या की मी हसायची आणि आमच्याबरोबर बादली हलायची.

मावशींनी आधी वास घेतला. "झाड आनलंय का खीर?"

मी सगळं सांगितलं. काय काय घातलं, किती घातलं. मग थेट विचारलं, "मावशी, खरं सांगा. या तिन्हींचा कुंडीतल्या झाडाला काही उपयोग असतो का?"

त्या उकिडव्या बसल्या. "त्ये एप्सम म्हंजी मॅग्नेशियम सल्फेट. हितं शेतकरी खताच्या दुकानातनं किलोनं नेत्यात. मॅग्नेशियम कमी पडलं असंल तर गुन येतो. तवा खालची जुनी पानं पिवळी पडत्यात, पर शिरा हिरव्या ऱ्हात्यात. कमी न्हाई आन् तुमी घातलंत, तर कुंडीत नुसतं मीठ साठतं. मुळं भाजत्यात."

"आणि पेरॉक्साइड?"

"फेस आला का?"

"खूप!"

"त्यो आला आन् गेला. ऑक्सिजन घटकाभर बी टिकत न्हाई. वर ज्याला लागंल त्याला मारतं. वाईट जंतू मारतं, चांगले मारतं, जास्त झालं तर कवळी मुळं बी. माती चिखल असंल तर उद्या पुन्ना चिखलच की."

भाभी हळूच म्हणाल्या, "आणि दालचिनी?"

"वरची बुरशी जरा हटंल तिनं. ती बुरशी तशी बी लई तरास देत न्हाई. माती वली ऱ्हाती, येवढंच ती सांगती. पर रोग मुळाशी, तुमची दालचिनी मातीच्या डोक्यावर. तिनं तितवर जायाचं कसं?"

मग त्यांनी बादली आडवी करून झाड मातीसकट बाहेर ओढलं. बुडाशी काळं पाणी. मुळं तपकिरी, बोटात धरली तर साल निसटून हातात यायची. वास असा की दालचिनीसुद्धा हरली. मावशींनी बादली उलटी केली आणि बुडाला बोट लावलं. "ही भोकं कुनी बुजीवली?"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी हायवेकडे पाहिलं.

मीच बुजवली होती. अगदी पहिल्या आठवड्यात. बादलीतलं पाणी खाली ठिबकून भाभींनी गॅलरीत वाळत घातलेल्या शेवयांवर पडत होतं. शेजारधर्म म्हणून मी जुन्या स्लिपरचं रबर कापून भोकांना नीट घट्ट बुचं मारली होती, आणि मग इतकी विसरले की तीन औषधं केली पण बादली उचलून पाहिली नाही.

"माझ्या शेवयांपायी?" भाभी म्हणाल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की हळहळत होत्या, मला कळलं नाही. मला शरमेनं मेल्यासारखं झालं आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

मावशींनी सडलेली मुळं कात्रीने छाटली, वरच्या फांद्याही निम्म्यावर आणल्या. नवी भुसभुशीत माती घालून झाड मातीच्या साध्या कुंडीत लावलं. "मुळंच सडली तर खानार कशानं? मग तुमी काय बी घाला. म्हैनाभर सावलीत ठिवा. वरची माती वाळली तरच पानी. मधनं आदनं काडी नखानं खरवडून बघायची. आत हिरवी हाय तवर जित्ती हाय."

इथवर सगळं ठीक होतं. पण निघताना भाभींना कोपऱ्यात एक अनंत दिसला. कमरेएवढा, कळ्यांनी लगडलेला. "वहिनी," त्या कुजबुजल्या, "निळ्या बादलीत हा लावला तर कुणाला कळणार?"

मला नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बुचं काढून लावू."

तीन आठवडे आमच्या बाल्कनीत तोतया अनंत फुलत होता आणि खरा भाभींच्या मागच्या गॅलरीत सावलीत उभा होता. मी बाल्कनीत जायची ती नुसती पाणी घालायला. खाली मात्र दिवसातून तीनदा जायची. नखाने काडी खरवडायची, हिरवं दिसलं की भाभींना ओरडून सांगायची आणि भाभी पोळी तव्यावर सोडून यायच्या. अठराव्या दिवशी एका खुंटाला तांदळाएवढे दोन कोंब दिसले. आम्ही दोघींनी फेर धरला. हे जिन्यात उभे राहून विचारत होते, "दालचिनी पुन्हा घातली का?"

वन्सं आल्या. काठी टेकत थेट बाल्कनीत गेल्या. निळ्या बादलीत सहा फुलं उमललेली, वास पार जिन्यापर्यंत. एक फूल खाली ओढून त्यांनी हुंगलं. मग वळल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"म्या तुला लई बोलले गं. तीस वर्सं बोलले. तुज्या हाताला झाड येतं. माज्याहून चांगलं येतं."

जे ऐकण्यासाठी मी तीस वर्षं थांबले होते ते ऐकलं, आणि ते दुसऱ्याच झाडाचं होतं. हे पाठीमागून खुणा करत होते, गप्प बस, गप्प बस. मी हात सोडवून घेतले आणि जिना उतरून पळाले. वर आले ती मातीची कुंडी छातीशी धरून. चार खुंट, सात पानं, दोन कोंब.

"वन्सं, तुमचा हा आहे. तो विकतचा आहे." आणि मग थांबताच येईना. रबराची बुचं, एप्सम सॉल्ट, फेस, टाळ्या, दालचिनी, सगळं एका दमात सांगितलं.

वन्संचा चेहरा दगड. त्यांनी विचारलं, "दालचिनी किती घातलीस?"

"वाटीभर."

"वाटीभर!" त्यांचा आवाज चढला. मग ओठ हलले, खांदे हलले, आणि त्या काठीसकट खुर्चीत बसून अशा हसायला लागल्या की हे घाबरून पाणी घेऊन धावले.

हसू ओसरलं तेव्हा त्यांनी कुंडी मांडीवर घेतली. पदराने डोळे पुसले, एका खुंटाला नख लावलं आणि आतली हिरवी रेघ पाहिली. कोंबांना हात लावला नाही, नुसती बोटं जवळ नेली.

"ती बादली म्या घिऊन जाते," त्या म्हणाल्या. "ह्यो तुज्याकडं ऱ्हाऊ दे."

"पण वन्सं, हा तर तुमचा..."

"मगाशी म्या तुज्या हाताचं बोलले न्हवं, त्ये ह्या कुंडीला धर."