चाळीसच्या वरचा दर

सगळा बाजार तिला वहिनीच म्हणायचा. भाजीवाली, बँकेतला शिपाई, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेले घरमालक, सगळ्यांची ती वहिनी. खरी वहिनी होती ती फक्त एकाची, तिच्या दिराची. घरं विकून देणाऱ्या त्या लहानशा ऑफिसात तो आतल्या टेबलाशी बसायचा आणि कागदपत्रं सांभाळायचा. घर दाखवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, भाव जुळवणं हे वहिनीचं काम.

हे काम तिच्या अंगावर अचानक येऊन पडलं होतं. नवरा होता तोवर ऑफिसची पायरी तिनं क्वचितच चढली होती. तो गेल्यावर महिनाभरानं ती किल्ल्या परत द्यायला म्हणून आली. दीर एकटाच फोनवर कुणाला तरी, "घर चांगलं आहे हो, चांगलंच आहे," असं रडवेल्या आवाजात सांगत होता. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला. स्वयंपाकघरात ऊन कधी येतं, पाणी किती वाजता जातं, शेजारी कसे आहेत, असं पंधरा मिनिटं बोलली. ते घर विकलं गेलं. किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या.

मिळेल त्या कमिशनमधला अर्धा वाटा तिचा, अर्धा दिराचा. दर मात्र तिच्या नवऱ्यानं लावून ठेवलेलाच चालू होता. घर चाळीस लाखांपर्यंत गेलं तर दोन टक्के. चाळीसच्या वर एक रुपया जरी गेला तरी सगळ्याच रकमेवर दीड टक्का. मोठ्या मालकांनी दुसऱ्या एजंटकडे जाऊ नये म्हणून त्यानं ही सवलत ठेवली होती. कमिशन द्यायचं ते विकणाऱ्यानं; घेणाऱ्याकडून ते काही घेत नसत.

घड्याळवाले काका ऑफिसात आले तेव्हा हा दर दिरानं त्यांना नेहमीसारखा घडाघडा सांगितला. काकांनी मान डोलावली. साठ वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला तो माणूस, बोलणं मोजकं. त्यांना तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून तळमजल्यावर जायचं होतं.

"काकूंचे गुडघे गेलेत," एवढंच ते म्हणाले.

घर दोन खोल्यांचं होतं, पण ऐसपैस. वहिनीनं सवयीप्रमाणे आधी नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून बंद केल्या. काकू पलंगावरून सगळं बघत होत्या.

"सून बघायला आल्यासारखं बघताय अगदी," काकू हसून म्हणाल्या.

"सुनेचे नळ गळत नाहीत हो काकू, म्हणून इथं जास्त बघावं लागतं."

काकू मनापासून हसल्या आणि दोघींचं सूत जमलं.

चौथं गिऱ्हाईक आलं ते दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. दवाखाना पलीकडच्याच रस्त्यावर. डॉक्टर घरभर फिरून म्हणाले, "चाळीस देऊ. घर जुनं आहे." तोंड अगदी कोरडं ठेवलं होतं त्यांनी. बायकोला मात्र ते जमलं नव्हतं. तिनं पर्समधून टेप काढून खिडकीची रुंदी मोजली होती आणि कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून नवऱ्याशी दबक्या आवाजात हुज्जतही घालून झाली होती. वहिनीनं काय ते ओळखलं. ही माणसं मनानं राहायला आली होती. अजून तीन-चार लाख सहज चढतील.

ऑफिसात येऊन तिनं दिराला तसं सांगितलं.

"मग चाळीसला हो म्हणा की," दीर म्हणाला. "आजच."

"चढतील म्हणतेय मी, भाऊजी."

"चढू देत. आपलं काय चढणार?" त्यानं कॅल्क्युलेटर तिच्याकडे सरकवला. "चाळीसला आपले ऐंशी हजार. चव्वेचाळीस करून दिलेत तर सहासष्ट. घसा कोरडा करायचा तुम्ही आणि वर चौदा हजार आपणच कमी घ्यायचे. परत ऐंशी व्हायला भाव त्रेपन्नाच्या पुढं जायला हवा. ते घर त्रेपन्नाचं आहे का?"

नव्हतं. आणि तिच्या घरचं छत पावसाळ्याआधी दुरुस्त करायचं होतं, हे दिराला माहीत होतं म्हणूनच तो एवढा जोर लावत होता. वाईट माणूस नव्हता तो. वहिनीनं काकांना फोन लावला.

"काका, चाळीस येतायत."

काका म्हणाले, "तुम्हाला बरं वाटतं ना? मग झालं. मला यातलं काय कळतंय."

तिनं त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं नाही. ती म्हणाली, "उद्या सकाळी येते, बोलू."

सकाळी ती जिना चढत होती तेव्हा काकू जिन्यातच होत्या. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं म्हणून खाली उतरत होत्या, म्हणजे बसून. एका पायरीवर बसायचं, दोन्ही हात टेकायचे, खालच्या पायरीवर सरकायचं. काका दोन पायऱ्या खाली पाठमोरे उभे होते, घसरल्या तर अडवायला. मध्येच वरच्या मजल्यावरचा शेजारी आला, तशा काकू भिंतीला चिकटून बसल्या आणि जणू हवा खायला बसल्यात अशा थाटात त्याला म्हणाल्या, "या, या, जाऊ द्या तुम्ही पुढं."

वहिनी त्यांच्याशेजारी पायरीवरच टेकली.

"तळमजल्याचं घर ठरलं का हो काकू?"

"ठरलंय. त्याला साडेबेचाळीस हवेत. कमी करत नाही मेला. उरलेले पुतण्याकडून उसने घेऊ म्हणतात हे." त्यांनी आवाज उतरवला. "पुतण्या देईल. त्याची बायको पुढं दहा वर्षं ऐकवेल, तेही ऐकू."

काका म्हणाले, "चाळीसचं काय सांगायचं त्यांना, वहिनी? हो म्हणू ना?"

खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ती म्हणाली, "काका, आधी माझं ऐका. भाऊजींनी दर सांगितला होता ना, तो नीट समजून घ्या. घर चाळीसला गेलं तर आम्हाला ऐंशी हजार मिळतात. त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेलं तर पासष्टच्या आसपास. तुमच्या घराला जास्त भाव आणला की आमचं कमी होतं. काल मी तुम्हाला चाळीस सांगितले ते हे माहीत असून सांगितले. ते लोक चढतील असं मला वाटतंय. मी भाव करूनच बघितला नाही."

मान खाली घालावी की काय असं तिला झालं.

"हा उलटा दर केला कुणी?" काकूंनीच विचारलं.

"आमच्या ह्यांनी."

"असं होय." काकूंनी गुडघा चोळला. "चांगला माणूस होता हो. पण हिशेब काही त्यांना जमला नाही."

वहिनीला हसू फुटलं आणि डोळे भरूनही आले. काका एवढंच म्हणाले, "आता भाव करता का मग?"

दुपारी ती दातांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांचा पेशंट तोंड उघडून पडलेला, म्हणून बायकोच बाहेर आली.

"चाळीसला देत नाहीयेत," वहिनी म्हणाली. "पंचेचाळीस म्हणतायत."

"अहो, जुनं घर आहे ते!"

"जुनं आहेच. पण दवाखान्यातून दुपारी जेवायला घरी जाता येईल असं दुसरं आहे का या भागात? असेल तर मीच दाखवते. खिडकी तुम्ही मोजलीतच आहे, म्हणून म्हटलं आधी तुम्हालाच विचारावं."

बाईंना मोजलेली खिडकी आठवली असावी, त्या लाजल्या. आतून डॉक्टरांनी मास्कआडून बेचाळीसचा पुकारा केला. तोंड उघडून पडलेल्या पेशंटनं हातानंच काहीतरी खूण केली, ती वाढवा म्हणून की लवकर आटपा म्हणून, ते कळलं नाही. तासाभरानं साडेत्रेचाळीसवर गाडी थांबली.

व्यवहार झाला. काकांना कमिशन बसलं पासष्ट हजार अडीचशे. काकांनी ऐंशी हजारांचा चेक लिहून आणला होता.

"तुम्ही नसता तर चाळीसच मिळाले असते," ते म्हणाले. "हे घ्या."

दिराचा हात नकळत पुढं आला होता. वहिनीनं चेक काकांकडे परत सरकवला.

"बोली दीड टक्क्याची आहे, काका. तेवढंच द्या. तळमजल्याच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या उरलेल्यातून."

काका गेल्यावर दिरानं हिशेबाची वही मिटली. मग म्हणाला, "माझ्या वाट्याचे सात हजार गेले वहिनी. मला विचारायचं तरी."

"चुकलं," ती म्हणाली. खरंच चुकलं होतं. निम्मा धंदा त्याचा होता. "पण मला एक सांगा भाऊजी, गेल्या दोन वर्षांत किती घरं आपण बरोब्बर चाळीसला विकली?"

दोघांनाही आठवत होतं. चौकातलं शिक्षिकेचं घर. त्या दोन भावांचं. एकोणचाळीस, चाळीस, पुन्हा चाळीस. कुणी कुणाला फसवायचं ठरवलं नव्हतं. चाळीस आले की हात आपोआप थांबायचा, इतकंच.

"दादानं लावलेला दर आहे तो," दीर हळूच म्हणाला.

"त्यांनी लावला तेव्हा चाळीस लाखांत अख्खा बंगला यायचा. आता दोन खोल्यांना चाळीस पडतात. ते असते तर त्यांनीच बदलला असता."

हे खरं की खोटं, तिलाही ठाऊक नव्हतं. नवरा हट्टी होता.

दोघांनी नवा दर ठरवला. पहिल्या चाळीस लाखांवर दोन टक्के, आणि त्याच्या वर जेवढी रक्कम जाईल तेवढ्यावरच दीड. म्हणजे भाव जरा जरी चढला तरी त्यांचंही थोडं चढणार. मात्र चाळीसच्या वरच्या प्रत्येक मालकाला आता पूर्वीपेक्षा वीस हजार जास्त पडणार होते, आणि हे दिरानं तिला दोनदा बजावून सांगितलं.

त्याचं म्हणणं लगेच खरं ठरलं. पंच्याण्णव लाखांच्या बंगल्याचा मालक, जुना ओळखीचा, दर ऐकून उठलाच. जुन्या दरानं एक लाख साडेबेचाळीस हजार, नव्या दरानं एक लाख साडेबासष्ट. "मी काय नवा आहे का तुमच्याकडे?" असं म्हणून तो समोरच्या एजंटकडे गेला. दीर दिवसभर फुरंगटून बसला. त्या वर्षी वहिनीच्या छताचं काम काही झालं नाही. प्लास्टिक टाकून तिनं भागवलं.

पण दराबद्दल कुणी विचारलं की आता दीर स्वतःच खुर्ची ओढून पुढं येतो. परवा एक बाई वडिलांचं घर विकायला आल्या होत्या. वहिनी तोंड उघडायच्या आत तो सांगू लागला, "बघा ताई, चाळीसपर्यंत असं, वर तसं. समोरचा तुम्हाला आमच्यापेक्षा स्वस्त सांगेल, बरं का. चाळीसच्या वर त्याचं आमच्यापेक्षा कमीच पडतं."

"अहो भाऊजी!" वहिनी म्हणाली.

"मग? खरं आहे ते," दीर म्हणाला, आणि त्यानं बाईंना विचारलं, "स्वयंपाकघरात ऊन कधी येतं?"