झाकणावरची पांढरी लांबी

कॉलेज दुपारचं असल्यामुळे सकाळी मी जळगावातल्या एका भांड्यांच्या दुकानात काम करत असे. शेठनी नुकताच माल ऑनलाइन विकायला घेतला होता आणि प्रत्येक वस्तूची माहिती मराठीत लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या हातून काहीही छापलं जाणार म्हटलं की धास्ती वाटायची. एकेक ओळ चारदा वाचायची, आणि तरी वाटायचं, चुकलं असेल.

त्या दिवशी कुकर होता. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा. शेठ गल्ल्यावर बसून सांगत होते आणि मी लिहीत होते.

"शेगडीच्या रकान्यात लिही, सगळ्या चालतात."

"पण शेठ, इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापत नाही ना? तळाला चुंबक चिकटलं तर चालतं, असं पुस्तिकेत आहे."

शेठनी काउंटरच्या कप्प्यातून चुंबक काढलं आणि कुकरच्या तळाला लावलं. ते टपकन खाली पडलं.

"बरं, इंडक्शन काढ. चूल राहू दे. रावेर-यावलची गिऱ्हाइकं पहिलं तेच विचारतात."

"पुस्तिकेत गॅस आणि कॉइलची शेगडी आहे. चूल नाही."

"अगं, पुस्तिका लिहिणाऱ्याच्या आईने चूल पाहिली नसेल," शेठ हसून म्हणाले. "तुझ्या घरी कशावर शिजतं?"

चुलीवरच. गॅस होता, पण तो चहापुरता. मी चूल लिहिली आणि पुढचा रकाना घेतला: गॅस्केट कधी बदलायची. रबर कडक झालं, भेगा पडल्या किंवा कडेने वाफ जायला लागली की लगेच. तिथे शेठनी आपण होऊन सांगितलं, "हे नीट लिही. लोक येऊन म्हणतात, पाच लिटरची गॅस्केट द्या. नुसत्या लिटरवर गॅस्केट मिळत नाही. झाकण आतलं की बाहेरचं, आणि त्याचा घेर केवढा, ते लागतं. तीनचा आणि पाचचा कुकर कधी कधी एकाच झाकणाचा असतो, नुसती उंची वेगळी."

मी ते लिहिलं. मग पुस्तिकेतलं झाकणाचं चित्र समोर धरलं. शिट्टीच्या बाजूला एक छोटी गोल खूण होती आणि खाली लिहिलं होतं, सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीची नळी बंद झाली, किंवा आतलं पाणी आटून कुकर तापला, की हा भाग वितळतो आणि वाफ बाहेर पडते. एकदा वितळला की नवाच बसवायचा.

मी त्या खुणेकडे बघत राहिले. गावी आमच्या कुकरच्या झाकणावर त्या जागी काय होतं ते मला माहीत होतं. पांढरी लांबी, गळती बुजवायची पुट्टी.

उन्हाळ्यात कधीतरी तिथून फुस्स करून वाफ गेली होती आणि मायने कुकर बाजूला ठेवला होता. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो पाहिला. केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या ते रोज दुरुस्त करतात. कुठे गळालं की दोन रंगांची लांबी मळायची, भोकावर दाबायची, वाळू द्यायची. त्यांनी तेच केलं. पाइप गळतो, कुकर गळतो, दोन्ही त्यांच्या लेखी एकच. माय खूश झाली. कडेने वाफ जायची म्हणून तिने गॅस्केटखाली कापसाचा दोराही गुंडाळला होता. मी सुट्टीभर त्या कुकरमधलं वरण खाल्लं होतं.

आणि सकाळीच मायचा फोन आला होता. आज केळीची गाडी भरायची, माणसं जेवायला आहेत, वरण-बट्टी करते.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. नानांचा बंद. शेजारच्या काकूंना लावला, त्या उचलेनात. सगळे बागेत असणार. मी परत मायला लावला.

"काय गं, तोंड का उतरलं?" शेठनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना वाटत होतं, हसतील. ते हसले नाहीत.

"लांबी? सेफ्टीवर?" ते उठले. "झाकण कसलं आहे तुमचं?"

"आतलं."

"कंपनी?"

मी नाव सांगितलं. त्यांनी एक व्हॉल्व्ह आणि घेराचा अंदाज करून दोन गॅस्केट पिशवीत टाकल्या. "बसेल ती ठेव, दुसरी परत आण. जा. कॉलेज एक दिवस बुडालं तर आभाळ कोसळत नाही."

भुसावळला बस खूप वेळ थांबली. मी फोन लावत होते आणि स्वतःची समजूत घालत होते की इतके दिवस काही झालं नाही, आजच कशाला होईल. पण मग वाटायचं, आज माणसं जास्त आहेत. म्हणजे डाळ जास्त. कुकरमध्ये डाळ निम्म्याच्या वर भरू नये, ती फसफसून वर येते आणि नळीत अडकते, हे मीच सकाळी लिहिलं होतं.

गावात उतरून मी जवळजवळ पळतच गेले. माय अंगणातल्या चुलीपाशी बट्ट्या करत बसली होती. पाठीमागे चुलीवर कुकर, बुडाला राखेचा लेप. कडेने बारीक सूं सूं चाललं होतं.

"अवं, तू कशी आली?" माय म्हणाली. "सांगायचं तरी. बस, हा कुकर आज शिट्टीच देत नाही मेला. लाकडं सारते अजून."

"माय, उठ तिथून."

"काय झालं व?"

"आधी उठ. मग सांगते."

माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, पण ती उठली. मी लांबून काठीने जळती लाकडं मागे ओढली आणि विस्तव पसरवून टाकला. शिट्टीला हात लावला नाही. आम्ही दोघी ओट्यावर जाऊन बसलो. तेवढ्यात नाना आले.

"चूल कोणी विझवली? माणसं येतील आता."

"थांबा नाना. थंड होऊ द्या."

"जळगावहून हे सांगायला आली का तू?"

"हो," मी म्हणाले. सूं सूं हळूहळू थांबली. त्यानंतरही मी कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. भांडं हाताला गार लागलं तेव्हा झाकण काढलं. डाळ गळ्यापर्यंत होती. शिट्टीची नळी उजेडाकडे धरली, पलीकडचं काही दिसेना. काडी घातल्यावर डाळीच्या सालांचा गोळा बाहेर आला.

नानांनी झाकण हातात घेऊन लांबीवर नख मारून पाहिलं. लांबी दगडासारखी घट्ट होती. "पक्की बसली होती," ते हळूच म्हणाले.

"मंग वाफ गेली कुठून?" मायने विचारलं.

"कडेने," नाना म्हणाले. "तुझा दोरा जळालेला दिसतोय एका ठिकाणी. रोज गळते म्हणून तू ओरडायची ना, तिथूनच."

मायने डाळ मोठ्या पातेल्यात ओतली आणि चूल परत पेटवली. माणसं उशिरा जेवली. एकजण म्हणाला, "वहिनी, आज वरण दाताखाली येतंय." माय म्हणाली, "लेक आली शिकून, तिला विचारा."

दोन गॅस्केटपैकी लहान बसली. लांबी मात्र निघेना आणि व्हॉल्व्ह बसेना, म्हणून नवं झाकण आणेपर्यंत कुकर फळीवर गेला. निघताना मायने विचारलं, "नवं झाकण आणलं की चुलीवर चालंल ना?"

चुलीची आच कमी करता येत नाही, दांडा करपतो, हे सगळं मला माहीत होतं. आणि माय रोज कशावर शिजवणार, हेही माहीत होतं.

"गॅसवर लाव, माय. कुकर तेवढा गॅसवर."

"आणि टाकी संपली तर?"

"तर पातेलं."

दुसऱ्या दिवशी मी चुलीचा शब्द माहितीतून काढला. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला तर भोक कशानेही बुजवू नये, अशी एक ओळ घातली. शेठनी वाचलं. "चूल काढलीस," एवढंच म्हणाले आणि तसंच ठेवलं.

अजूनही स्वयंपाकाच्या वेळेला मी घरी फोन करते. माय आता काही विचारत नाही, फोन कुकरपाशी नेऊन धरते. शिट्टी ऐकू आली की मी ठेवते. कधी ती लवकर होत नाही. अशा वेळी माय म्हणते, "गॅसवरच हाये व," आणि मी तिच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते.