उणे आठ मोठे की अधिक दोन?

लग्नानंतर नोकरी न धरता आम्ही नवराबायकोने नागपुरात एक छोटी वर्कशॉप काढली. मायक्रोप्रोसेसरवर चालणारी नियंत्रणं बनवायची. तारा आणि जोडणी माझ्याकडे, प्रोग्रॅम ह्यांच्याकडे. तेव्हा प्रोग्रॅम असेंब्लीत, म्हणजे चिपच्या थेट आज्ञांमध्ये लिहावा लागायचा.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे इतवारीकडची एक बर्फ फॅक्टरी. नवरा गेल्यावर तिच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकट्या ती चालवत. बर्फाचे डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले असायचे. ते पाणी उणे आठपेक्षा गरम झालं की कॉम्प्रेसर सुरू, उणे अकराच्या खाली गेलं की बंद, एवढं आमच्या डब्याने करायचं होतं. होळीच्या सुमारास तो बसवला. टाकी आधीपासून थंड होती आणि डबा शहाण्यासारखा चालला.

मग मे महिन्यात ऐन लग्नसराईत ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवसांनी लाइट आली, तोवर टाकीतलं पाणी शून्याच्या वर गेलेलं. काकूंचा फोन आला, "तुमचं यंत्र सुरूच होऊन नाही राहिलं! मिस्त्रीने हातानं मशीन चालवली."

आम्ही स्कूटरवरून पोचलो तोवर पाणी उणे तीनवर आलं होतं. ह्यांनी बटण ऑटोवर टाकलं आणि कॉम्प्रेसर निमूट घरघरत राहिला.

"बघा, ठीक आहे. लाइटचाच काहीतरी घोळ झाला असेल," हे म्हणाले.

"तुम्ही आले की ठीक, गेले की बिघडते," काकू म्हणाल्या. "डॉक्टरपुढं पोराचा ताप उतरते, तसं."

मला चैन पडेना. यंत्र नेमकं कधी रुसलं? पाणी गरम असताना. मी टाकीतला तापमान मोजणारा सेन्सर वर काढला, पुसला आणि मुठीत धरला. गरम झालं म्हटल्यावर कॉम्प्रेसर चालूच राहायला हवा होता. थोड्या वेळाने खट् आवाज झाला आणि तो चक्क बंद पडला. परत पाण्यात बुडवला, पुन्हा सुरू.

"काहून वं, गरम लागलं की बंद पडून राहिलं हे?" काकू पुढे झाल्या.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पिशवीतून प्रोग्रॅमचा कागद काढून ते बर्फाच्या लादीजवळच उकिडवे बसले. मी खांद्यावरून वाचत होते. तुलनेची आज्ञा अगदी बरोबर होती. तापमानातून उणे आठ वजा करायचे आणि निकालाच्या खुणा ठेवायच्या, एवढंच तिचं काम. त्या खुणा कशा वाचायच्या, हे पुढची उडीची आज्ञा, म्हणजे प्रोग्रॅमला दुसऱ्या ओळीवर नेणारी, ठरवते. ह्यांनी तिथे लिहिलं होतं 'जेए'.

"अहो, हे 'अबव्ह' आहे. बिनचिन्हाच्या, म्हणजे उणे नसलेल्या आकड्यांसाठी. इथे 'ग्रेटर' हवं."

"मग? मोठं असेल तर उडी मार. 'ग्रेटर' म्हणजेही मोठंच ना?"

"आपल्यासाठी. चिपसाठी नाही. एका बाइटमध्ये उणे आठ लिहिलं की ते दोनशे छप्पन्न वजा आठ, म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीससारखंच दिसतं. अबव्ह त्याला दोनशे अठ्ठेचाळीसच समजतं. मग अधिक दोन त्याच्यापुढे लहानच ठरणार!"

"पण होळीला तर चाललं होतं..."

"तेव्हा सगळंच शून्याखाली होतं. उणे पाच म्हणजे दोनशे एक्कावन्न, ते दोनशे अठ्ठेचाळीसपेक्षा मोठं. योगायोगाने उत्तर बरोबर यायचं."

ते असे खदखदून हसले की मिस्त्री वळून बघायला लागला. बंद करणारी उडीसुद्धा त्याच जातीची, 'बिलो'ची निघाली. म्हणून तर गरम पाणी फार थंड समजून यंत्र कॉम्प्रेसर बंदच करत होतं.

"म्हणजे तुमच्या यंत्राले उणे समजतच नव्हतं म्हणा ना," काकू म्हणाल्या. "माझ्या दिरासारखं. त्याले बी उधारी जमाच वाटते."

बदल दोनच आज्ञांचा होता. 'अबव्ह'च्या जागी 'ग्रेटर', 'बिलो'च्या जागी 'लेस'. पण चिप आधी अतिनील दिव्याखाली पूर्ण पुसल्याशिवाय ते होत नव्हतं. मिस्त्रीला मशीन हातानेच चालवत ठेवायला सांगून आम्ही वर्कशॉपला आलो. चिप पुसली जाईपर्यंत पोहे झाले, आणि पोहे खाताखाता ह्यांनी लिहिलेल्या सगळ्या जुन्या प्रोग्रॅममधल्या उड्या आम्ही तपासल्या. बाकीच्या ठिकाणी उणे आकडे नव्हतेच, तिथे 'अबव्ह'च बरोबर होतं. असं ते मला दरवेळी मोठ्याने ऐकवत होते.

संध्याकाळी नव्याने लिहिलेली चिप बसवली. ह्या वेळी सेन्सर काकूंनी स्वतः मुठीत धरला. कॉम्प्रेसर घरघरतच राहिला. त्यांनी मूठ आणखी घट्ट आवळली, तरी घरघर चालूच.

"आता समजलं त्याले!" त्या म्हणाल्या आणि मिस्त्रीला हाक मारली, "ह्याहिले एक लादी बांधून दे गा, भुसा लावून."

पोत्यात गुंडाळलेली ती लादी मांडीवर घेऊन मी स्कूटरवर मागे बसले. इतवारीच्या हातगाड्यांच्या गर्दीतून घरी पोचेस्तोवर माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती, आणि स्कूटर लावताच शेजारच्यांना आमरसासाठी बर्फ हवाय का म्हणून विचारायला हे जिना चढत सुटले.